वाकडी तार आणि करवंटी

मागच्या मे महिन्यात आमच्या गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीला गुंडाळलेली तार एका कावळ्याने चोरली. मी चहाचा कप हातात धरून सगळा प्रकार बघत होतो. आधी त्याने तारेचं टोक चोचीत धरून नुसतं ओढलं. ते येईना, तेव्हा कुंडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पीळ उलटा सोडवायला लागला. दहा-पंधरा मिनिटं खपून शेवटी हातभर तार घेऊन समोरच्या गुलमोहरावर गेला. तिथे त्याचं घरटं चाललं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेला भारी हुशार!" चिऊ-काऊच्या गोष्टीत शेणाचं घर बांधून फजिती करून घेणारा हाच तो कावळा, हे त्यांना मी सांगितलं नाही.

पण प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा माणूस यावर म्हणेल की, घरटं म्हणजे हत्यार नव्हे. हत्यार म्हणजे सुटी, हातात (किंवा चोचीत) धरता येणारी वस्तू, जिच्यामुळे दुसऱ्या कशावर तरी काम होतं. सुताराची पटाशी हत्यार आहे, त्याने बांधलेलं घर नाही. आणि नुसतं हत्यार वापरलं म्हणून अक्कल आहे असंही ठरत नाही. जमिनीत बीळ करणारी एक जातीची गांधीलमाशी बिळाचं तोंड बुजवल्यावर जबड्यात खडा धरून माती ठोकून बसवते. तिच्या डोक्यात फार काही शिजत असेल असं कोणी मानत नाही. म्हणजे हत्यार दिसलं, की ते त्या प्राण्याकडे आलं कुठून हे विचारावं लागतं. जन्मतः अंगात होतं, की दुसऱ्याचं बघून उचललं, की अडल्यावर स्वतः सुचलं? गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाची सगळ्यात मजेदार उलथापालथ झाली ती बेटी नावाच्या एका कावळीमुळे, आणि तीही एका तारेवरून.

बेटी न्यू कॅलेडोनियाची. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात हे फ्रेंच अमलाखालचं बेट आहे. तिथला कावळा आपल्या गावकावळ्याचा लांबचा भाऊबंद, पण त्याची चोच सरळ आणि डोळे जरा पुढे वळलेले, त्यामुळे चोचीत धरलेल्या काडीचं टोक त्याला नीट दिसतं. गॅविन हंट या संशोधकाने 1996 साली जगाला सांगितलं की हे कावळे रानात आकडा असलेल्या काड्या स्वतः तयार करतात. मेलेल्या झाडांच्या खोडात भुंग्यांच्या जाड, चरबीने भरलेल्या अळ्या असतात. कावळा बिळात काडी घालतो आणि अळीला डिवचत राहतो. अळी चिडून काडीला जबड्याने चावते, आणि मग तो तिला काडीसकट अलगद बाहेर ओढतो. गळाला मासा लावावा तसं, फक्त इथे आमिष म्हणजे अळीचा राग.

काडी कशी करतात तेही पाहण्यासारखं आहे. बेटाच्या एका भागातले कावळे ज्या झुडपाच्या काड्या वापरतात ते आपल्याकडच्या दूध-उत्पादकांना चांगलं ठाऊक आहे. आपण गुरांना घालतो ते दशरथ घास. तिथे ते बाहेरून आलेलं तण म्हणून माजलं आहे. कावळा दुबेळकं असलेली फांदी निवडतो. एक फाटा सांध्यापाशी चोचीने तोडून टाकतो, मग दुसरा फाटा सांध्याच्या जरा खालून तोडतो. हातात येते ती टोकाला गाठ असलेली काडी. पानं काढतो, साल सोलतो आणि त्या गाठीतून बारीक तुकडे टोकरत आकडा कोरतो. चांगली काडी जमली की ती खाताना पायाखाली दाबून ठेवतो किंवा एखाद्या भोकात खोचून ठेवतो, म्हणजे खाली पडून हरवणार नाही. आकड्याशिवायच्या काडीपेक्षा आकड्याच्या काडीने भक्ष्य कित्येक पट लवकर निघतं, हे मोजून पाहिलं गेलं आहे.

याच कावळ्यांचं दुसरं हत्यार केवड्याच्या जातीच्या पानाचं. पानाच्या कडेला काटे असतात. कावळा कड चोचीने कापत आणि फाडत एक पट्टी काढतो. काही ठिकाणी तो पायऱ्या पाडत कापतो, त्यामुळे पट्टी धरायच्या बाजूला रुंद आणि टोकाला निमुळती होते. पट्टी धरताना काटे मागे वळलेले राहतील असं बघतो, म्हणजे ओढताना ते किड्यात अडकतात. पट्टी कापून नेली तरी पानाच्या कडेवर तिची खाच जशीच्या तशी राहते. त्यामुळे कावळा समोर नसतानाही अभ्यासकांना पानांवरून वाचता आलं, की कुठल्या भागात कुठल्या आकाराच्या पट्ट्या कापतात. शिंप्याच्या कातरणीवरून सदऱ्याचा आकार ओळखावा तसं.

आता बेटी. ऑक्सफर्डमध्ये अॅलेक्स कासेल्निक यांच्या प्रयोगशाळेत ती आणि एबल नावाचा नर असे दोघे होते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मुळात साधाच होता. उभ्या पारदर्शक नळीच्या तळाशी छोटी बादली, तिला दांडी, आत मांसाचा तुकडा. बाहेर दोन तारा ठेवलेल्या, एक सरळ आणि एक आकडा केलेली. कावळ्याला आकड्याची तार निवडता येते का, एवढंच बघायचं होतं. पाचव्या खेपेला एबलने आकड्याची तार पळवली. बेटीच्या वाटेला सरळ तार आली. तिने ती घेतली, टोक एका फटीत अडकवलं, चोचीने दुसऱ्या बाजूने ओढून तारेला बाक दिला आणि बादली वर काढली.

मग संशोधकांनी मुद्दाम फक्त सरळ तार द्यायला सुरुवात केली. मोजण्याजोग्या दहा खेपांपैकी नऊ वेळा बेटीने तार वाकवून बादली मिळवली. एबलने एकदा सरळ तारेनेच कशीबशी काढली, वाकवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. एक तपशील मात्र बातम्यांमधून गळाला. बेटी बहुतेक वेळा आधी सरळ तारच नळीत खुपसून बघायची. ते जमलं नाही, की मग वाकवायची. पहिल्याच फटक्यात "आकडा हवा" असं तिला सुचत होतं, असं नाही.

तरी जगभर खळबळ उडाली. तार ही काही रानातली वस्तू नव्हे. ती वाकते आणि वाकलेली राहते, हे कावळ्याच्या पूर्वजांनी कधी अनुभवलेलं नाही. मग ही बेटीची स्वतःची शोधबुद्धी, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला. पाठ्यपुस्तकांत तिचा फोटो गेला. 2005 मध्ये ती मेली तेव्हा ती जगातली सर्वांत प्रसिद्ध कावळी असावी.

याच ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतून दुसरी बातमी आली. तिथे चार पिल्लं माणसांनी हाताने वाढवली होती. दोघांना माणसाने काडी वापरून दाखवली, उरलेल्या दोघांनी कोणालाच हत्यार वापरताना पाहिलेलं नव्हतं. चारही पिल्लं थोड्याच दिवसांत फटीतून काडीने खाऊ काढायला लागली. न शिकवलेल्या एका पिल्लाने तर केवड्याच्या जातीचं पान समोर आल्याबरोबर त्याची पट्टी कापली. पायऱ्यांची सफाईदार पट्टी नव्हती ती, पण पट्टी होती. म्हणजे काडीचा सोस या जातीच्या रक्तातच आहे. मांजरीच्या पिल्लाला दोरा दिसला की ते झेपावतं, तसंच काहीसं.

आणि 2016 मध्ये मूळ गोष्टीलाच धक्का बसला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले ख्रिश्चन रुट्झ आणि त्यांचे सहकारी न्यू कॅलेडोनियात रानातून तात्पुरते पकडलेल्या कावळ्यांना त्यांच्याच ओळखीच्या झुडपाच्या काड्या देऊन निरीक्षण करत होते. अठरा कावळ्यांपैकी दहा कावळे आकड्याची काडी तयार करताना तिला चक्क वाकवत होते. काडीचं एक टोक पायाखाली किंवा फटीत, दुसरं चोचीत, आणि मग बाक. अगदी बेटीसारखं. आणि बेटी ऑक्सफर्डला आली ती रानात पकडली जाऊनच. म्हणजे तिने तारेवर जे केलं ते कदाचित तिच्या रानातल्या रोजच्या कसबाचाच एक भाग असेल.

हे वाचलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं, एखाद्या आवडत्या गवयाची ती लाजवाब तान घोकून घेतलेली होती असं कळल्यासारखं. मग लक्षात आलं की हा निष्कर्षही घाईचा होईल. केंब्रिजमध्ये रूक नावाच्या कावळ्याच्याच जातीच्या पक्ष्यांना असाच तारेचा प्रयोग दिला होता. रूक रानात हत्यारं वापरताना दिसत नाहीत. तरी त्यांनी तार वाकवून बादली वर काढली. त्यांच्या रक्तात काडीचं कसब नाही, तरी जमलं. मग बेटीत काहीच सुचणं नव्हतं असंही म्हणता येत नाही.

आता माणसाच्या पिल्लांकडे बघू. इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना हाच प्रयोग दिला. उभी नळी, तळाशी दांडीची बादली, त्यात बक्षीस, आणि हातात लवचीक सरळ तार. बालवाडीच्या वयाच्या मुलांपैकी फारच थोड्यांना आकडा सुचला. आठ वर्षांच्या मुलांतही निम्म्यांच्या आसपासच. मात्र कुणी आकडा करून दाखवला की जवळजवळ सगळ्यांना जमलं. "तुमची चिमुरडी कावळ्याइतकी हुशार नाही" असा अर्थ काही जणांनी काढला. मला तो पटत नाही. मुलांना अडतं ते "सरळ वस्तू वाकडी करता येते" हे स्वतः सुचण्यापाशी, तर बेटीची चोच त्याच हालचालीला सरावलेली. एकच कोडं दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी अवघड जातं.

म्हणूनच मला या क्षेत्रात यशापेक्षा चुका जास्त बोलक्या वाटतात. आपण शाळेत शिकलेली तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्या. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा कावळा. न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्यांना पाण्याच्या नळीत तरंगणारा मांसाचा तुकडा दिला, तेव्हा त्यांनी दगड टाकून तो खरंच वर आणला. वाळूच्या नळीत ते दगड टाकत बसले नाहीत, पाण्याच्या नळीकडे गेले. बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या वस्तू ठेवल्या तर बुडणाऱ्या निवडल्या. इथपर्यंत शाब्बास. मग एक खोडसाळ रचना केली. खाऊ मधल्या अरुंद नळीत, तिच्यात दगड जात नाही. शेजारी दोन रुंद नळ्या, त्यांपैकी एक मधल्या नळीला खालून जोडलेली, पण जोड झाकलेला. योग्य रुंद नळीत दगड टाकला की मधलं पाणी चढतं. इथे कावळे अडकले. ज्या नळीत दगड टाकतोय तिथेच पाणी चढताना दिसत असेल तर त्यांना कळतं. कारण नजरेआड गेलं, की दोन नळ्यांतली निवड त्यांना जमत नाही. गोष्टीतला कावळा खरा ठरला, पण गोष्टीतल्या मडक्याचं तोंड झाकलेलं नव्हतं.

चिंपांझीची वाट याहून निराळी. 1960 च्या नोव्हेंबरात टांझानियातल्या गोम्बेच्या रानात जेन गुडॉल यांनी एका नराला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढताना पाहिलं. पुढे त्यांनी त्याच्या पांढऱ्या दाढीवरून त्याचं नाव डेव्हिड ग्रेबियर्ड ठेवलं. तोवर "हत्यार करतो तो माणूस" अशी सोयीची व्याख्या होती, ती त्या दिवसापासून अडचणीत आली. पण चिंपांझींचं मला सगळ्यात विचार करायला लावणारं काम वारुळावरचं नाही, दगडावरचं आहे.

पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातल्या बोसू गावाजवळ जपानी संशोधक तेत्सुरो मात्सुझावा आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं बसून होते. तिथले चिंपांझी तेलताडाची कठीण फळं फोडतात. सपाट दगड म्हणजे ऐरण. तिच्यावर फळ, आणि दुसरा दगड म्हणजे हातोडी. कधी ऐरण हलत असेल तर तिच्याखाली आणखी एक लहान दगड सारतात, आपण डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालतो तसं. वाचायला सोपं, पण तीन वस्तू ठरावीक क्रमाने एकत्र आणायच्या आहेत. ती सांगड पिल्लाला वर्षानुवर्षं जमत नाही.

दोन वर्षांचं पिल्लू आईच्या शेजारी बसून काय काय करतं ते बघावं. फळ ऐरणीवर ठेवतं आणि त्याच्यावर हाताची चापट मारतं. कधी दगडावर दगड ठेवतं, फळ बाजूलाच. कधी फळ जमिनीवर ठेवून दगड आपटतं आणि ते मातीत रुततं. सगळे भाग हाताशी आहेत, क्रम लागत नाही. मग आईच्या हातोडीतून उडालेला गर उचलून खातं. आई हाकलत नाही, पण हात धरून दाखवतही नाही. साडेतीन वर्षांच्या आसपास पहिलं फळ फुटतं, सफाई यायला आणखी काही वर्षं जातात. सात वर्षांच्या आत ज्याला जमलं नाही त्याला बोसूत पुढेही जमलं नाही. आपल्याकडे जुन्या कारागिरांकडे उमेदवारी करायचे तशीच ही पद्धत. उस्ताद शिकवत नाही, फक्त जवळ बसू देतो.

ही कला सगळ्या चिंपांझींच्या अंगात आहे, की पाहूनच उचललेली? बोसूपासून अवघ्या सहा किलोमीटरवर निंबा डोंगरात चिंपांझींचा दुसरा कळप राहतो, तो फळं फोडत नाही. संशोधकांनी त्यांच्या रानात तेलताडाची फळं आणि दगड नेऊन ठेवले, कॅमेरे लावले आणि वाट पाहिली. चिंपांझी आले, बघितलं, काहींनी हात लावला, आणि निघून गेले. एकानेही फोडलं नाही. 2022 मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. न्यू कॅलेडोनियाच्या पिल्लाला कोणी न दाखवता काडी जमते. चिंपांझीला दगड-फळ-ऐरण समोर ठेवूनही, आधी पाहिलेलं नसेल तर, जमत नाही. या कसोटीवर चिंपांझी कावळ्यापेक्षा "मागे" दिसतो. पण ज्या कळपात ती कला आहे तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचे, चिंपांझींनी फळं फोडलेले दगड उत्खननात सापडले आहेत.

आणि आता तिसरा भिडू, जो या दोन्ही चौकटींत बसत नाही. इंडोनेशियात उत्तर सुलावेसी आणि बालीच्या समुद्रतळावर ज्यूलियन फिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याखाली पाचशेहून अधिक तास काढले आणि 2009 मध्ये जे लिहिलं ते कोकणातल्या माणसाला वाचताना हसू येईल. तिथे एक लहानसा ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या घेऊन हिंडतो. माणसांनी खोबरं काढून समुद्रात फेकलेल्या करवंट्या. चिखलात रुतलेली करवंटी तो पाण्याचा झोत मारून मोकळी करतो, तोंड वर करून ठेवतो, तिच्यावर बसतो, आठही बाहू कडेवरून खाली सोडतो, ते ताठ करतो आणि त्यांच्या टोकांवर तुरुतुरु चालायला लागतो. कधी दोन करवंट्या एकात एक घालून. असा तो वीस मीटरपर्यंत जातो. धोका वाटला की एक करवंटी खाली, दुसरी वर, आणि आत हा. झाकण लावलेला डबा.

यात हत्यार कुठे, असा वाद झाला. शंख पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या खेकड्याला आपण हत्यारवाला म्हणत नाही, कारण शंख त्याचं कायमचं घर आहे. ऑक्टोपसची करवंटी मात्र वाहून नेताना काहीच कामाची नसते. उलट चाल मंदावते, आणि तो उघड्यावर पडतो. आत्ता तोटा आणि फायदा झालाच तर पुढे कधीतरी. फिन यांनी नेमकं याच्यावर बोट ठेवलं. पावसाची शक्यता बघून छत्री घेऊन निघणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे आपल्याला विचारता येतं. ऑक्टोपसला नाही. तो पुढचं बघतोय, की करवंटी दिसली की उचलायची एवढीच त्याची खोड, हे नुसत्या निरीक्षणातून ठरत नाही. बेटीची गोष्ट वाचलेला माणूस इथे घाई करणार नाही.

कावळ्याच्या पिल्लाला काही महिने आई-बापांची सोबत असते, चिंपांझीच्या पिल्लाला वर्षानुवर्षं आईची. ऑक्टोपसची आई अंड्यांवर बसून राहते, खाणं सोडते, आणि अंडी फुटण्याच्या सुमारास मरते. त्याचं आयुष्य सगळं मिळून वर्ष-दोन वर्षांचं. त्याच्या मेंदूची ठेवणही आपल्याला ओळखीची नाही. साध्या ऑक्टोपसला सुमारे 50 कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक डोक्यात नसून बाहूंमध्ये असतात. त्याचा आणि आपला शेवटचा सामाईक पूर्वज 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा एखादा बारीकसा किडा. म्हणजे कावळ्याच्या आणि चिंपांझीच्या हुशारीत काही ओळखीचं सापडलं तरी, इथे जे काही आहे ते सुरुवातीपासून स्वतंत्रपणे उभं राहिलेलं आहे.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं. काही आठवडे ते पाण्यात तरंगत राहतं, भावंडांपैकी बहुतेकांना कोणी ना कोणी खातं. मग ते तळाशी उतरतं. तिथे चिखल, एखादा शिंपला, आणि कुठल्यातरी मच्छीमाराने किंवा स्वैपाकघराने फेकलेली करवंटी. ती उपडी पडली आहे की उताणी, उचलायची कशी, बाहू कुठून सोडायचे, यातलं काहीही त्याने कोणाला करताना पाहिलेलं नाही. ते झोत मारून चिखल उडवतं.